सात नंबरचा चकचकीत खिळा

खिळा गंजला नव्हता, म्हणून मोजपट्टी तो चिमट्यात धरून तिसऱ्यांदा निरखत होती.

साधा पोलादी खिळा, ना मुलामा ना रंग. दहा दिवस मिठाच्या पाण्यात काढल्यावर तो तांबूस, खरबरीत, हात लावला की बोट रंगेल असा निघायला हवा होता. पण चिमट्याने बाहेर काढला तर दुकानातून आत्ताच आणल्यासारखा लख्ख. अंगाला कुठेकुठे पांढरी भुकटी लागली होती, तेवढीच. तीही मऊ ब्रशने झटकली तशी गेली.

"अगं, हा तर बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसतोय," शेजारून तिची मैत्रीण वादळ कुजबुजली.

"गप्प बस," मोजपट्टी म्हणाली आणि फिस्सकन हसली.

तिचं हे असंच होतं. भीती वाटली की तिला हसू यायचं. परीक्षेच्या निकालाच्या सकाळी ती एवढी हसत सुटली होती की आईने शेजारी जाऊन मुलगी पास झाल्याचं सांगूनही टाकलं. निकाल लागायला अजून दोन तास होते.

मोजपट्टी हे तिचं वर्गातलं नाव. वडील जमिनीची मोजणी करणारे, आणि गुण मुलीत पुरेपूर उतरलेला. कुणी म्हणालं "उशीर झाला", की ही विचारणार, "किती मिनिटं?" कुणी म्हणालं "तुझी फार आठवण आली", तरी हिच्या ओठावर तोच प्रश्न येऊन थांबायचा. वादळ मात्र सगळं अंदाजाने करायची. ती खोलीत शिरली की आधी दार भिंतीवर आपटायचं, मग काहीतरी खाली पडायचं आणि मग ती "सॉरी" म्हणायची. क्रम कधी चुकत नसे. पहिल्या वर्षी हजेरीपटावर दोघींची नावं शेजारी आली आणि त्या प्रयोगातल्या जोडीदार झाल्या. आता मटेरियल्स इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं आणि एकमेकींशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

प्रयोग तसा सोपा होता. दहा गट. प्रत्येक गटाला तीन खिळे: एक साधा, एक जस्ताचा मुलामा दिलेला, एक रंगात बुडवून वाळवलेला. रंगवलेल्या खिळ्यावर मॅडमनी मुद्दाम सुईने एक ओरखडा काढायला लावला होता, रंग कुठे उघडा पडला तर काय होतं ते दिसावं म्हणून. तीन खिळ्यांना तीन काचेच्या बरण्या, प्रत्येकीत साडेतीन टक्के मिठाचं पाणी. बुडवण्याआधी खिळे पुसायचे, वाळवायचे, वजन करायचं. दहा दिवसांनी बाहेर काढायचे, घासायचे, धुवायचे, पुन्हा वजन करायचं. किती झीज झाली ते लिहायचं.

घोळ झाला होता तो बरण्यांचा.

काचसामान भांडारातल्या मावशींकडून मिळायचं. भांडार म्हणजे प्रयोगशाळेच्या टोकाची एक खिडकी आणि खिडकीत मावशी. त्या तीस वर्षं तिथे होत्या आणि फुटलेल्या वस्तूचं दुःख त्यांना आजही पहिल्या दिवसाइतकंच व्हायचं. त्यांचा नियम सगळ्या कॉलेजला पाठ होता: एका सत्रात तीन वेळा काच फोडली की त्या माणसाला या खिडकीतून काच मिळणार नाही. काच नाही म्हणजे प्रयोग नाही, प्रयोग नाहीत म्हणजे विषय राहिला, आणि विषय राहिला की वर्ष गेलं. वादळच्या नावावर फोडतुटीच्या दोन चिठ्ठ्या आधीच होत्या. एक ब्युरेटची. दुसरी थर्मामीटरची, ज्याने तिने कॉफी ढवळली होती.

आणि दहा दिवसांपूर्वी, मावशींनी तीन बरण्या हातात दिल्यावर, वादळ म्हणाली होती, "एका खेपेत नेते की! त्यात काय!"

तीनपैकी एक टेबलापर्यंत पोचली.

सुदैवाने तेव्हा मोठा पंखा चालू होता आणि टॉवर नावाचा ताडमाड मुलगा कुणालातरी जोरजोरात सामन्याची हकिकत सांगत होता, म्हणून आवाज कुणी ऐकला नाही. वादळ पांढरीफटक पडली. मोजपट्टी हसत सुटली. हसत हसतच तिने तुकडे गोळा केले, जाड कागदात गुंडाळले, आणि फुटक्या काचेच्या डब्यात ठेवले.

"आता?" वादळने विचारलं.

"आता सांगूया."

"सांगितलं की मी गेले. तिसरी चिठ्ठी. तू पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षात, मी इथेच, मावशींच्या खिडकीसमोर. म्हातारी होईन इथे."

मोजपट्टीने डोळ्यांसमोर आणून पाहिलं: शेजारचं स्टूल रिकामं, काहीच पडत नाहीये, कुणी सॉरी म्हणत नाहीये. चित्र तिला मुळीच आवडलं नाही. मग दोघींनी मिळून एक गोष्ट केली. उरलेल्या एका बरणीत तिन्ही खिळे घातले. ते तळाशी घरंगळून एकमेकांत मिसळू नयेत, डोकी वर राहावीत, म्हणून मोजपट्टीने तिघांची मोळी करून रबरबँड लावला. ओरखडा बाहेरच्या बाजूला येईल याची काळजी घेतली. झाकण लावलं, वर सात आकडा लिहिला, आणि बरणी फडताळात सगळ्यात मागे सरकवली. वहीत लिहिलं, "नमुने मिठाच्या पाण्यात ठेवण्यात आले." वाक्य शंभर टक्के खरं होतं. कसे ठेवले आणि किती बरण्यांत, हे त्यात नव्हतं. वस्तुस्थितीतून काही वगळायची तिची ही पहिलीच वेळ, आणि त्या रात्री नर्स असलेल्या ताईने तिची नाडी मोजून विचारलं होतं, "कुणाच्या प्रेमाबिमात पडलीयेस का?"

आज दहावा दिवस. पाच वाजता बरण्या धुऊन खिडकीत परत करायच्या होत्या. त्याआधी मॅडमना खिळे दाखवायचे होते.

"हे बघ, माझ्याकडे योजना आहे," वादळ म्हणाली. "तीन नंबरच्या गटाने बरण्या जमा केल्या की मावशी त्या मागच्या टेबलावर ठेवतात. मी मागच्या दाराने दोन उचलते, ओल्या करते, आणि आपल्या म्हणून पुन्हा पुढून देते. एकच बरणी दोनदा मोजली जाईल."

"म्हणजे दोन बरण्या हातात घेऊन तू पळणार."

वादळने क्षणभर विचार केला. "हो, ते एक आहेच."

दोघी टेबलावर डोकं ठेवून खिदळल्या. त्यात मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

मॅडम एकेका टेबलाशी थांबत आल्या होत्या. पांढऱ्या कागदावर प्रत्येक गटाने तीन खिळे मांडलेले. मॅडम बुटक्या, आवाज बारीक, आणि चष्म्याच्या वरून पाहिलं की सहा फुटी टॉवरसुद्धा स्टुलावर बसून घ्यायचा. नुकतीच त्यांनी चार नंबरच्या गटाची हजेरी घेतली होती. त्या पोरांनी खिळा न घासता गंजासकट वजन केलं होतं आणि झीज उणे अकरा मिलीग्रॅम लिहिली होती.

"म्हणजे मिठाच्या पाण्यात राहून तुमच्या खिळ्याचं वजन वाढलं?"

"खाऊन-पिऊन सुखी असेल, मॅडम," टॉवर मागून म्हणाला.

वर्ग हसला. मॅडमसुद्धा एका बाजूने हसल्या. पण आता त्या सात नंबरच्या कागदाकडे पाहत होत्या आणि हसू मावळलं होतं.

"हा साधा खिळा?"

"हो, मॅडम."

"पाण्यात मीठ घालायला विसरलात?"

मोजपट्टीने रंगवलेला खिळा पुढे केला. ओरखड्याच्या रेघेवर नेमका नारिंगी गंज फुटला होता. "मीठ होतं, मॅडम. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने. हा त्याच पाण्यात होता. हा गंजलाय."

"त्याच पाण्यात" हे शब्द तिच्या तोंडून निसटले आणि वादळने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. पण मॅडमनी त्याचा अर्थ, सगळ्यांनी एकाच पिंपातून घेतलेलं पाणी, असा लावला.

"मीठ होतं. पाणी तेच. बाकी नऊ गटांचे खिळे तांबडेलाल. मग उरतं एकच." मॅडमनी आवाज आणखी बारीक केला. "काल संध्याकाळी तुमच्या हातून काहीतरी घोळ झाला, आणि आज सकाळी तुम्ही डब्यातला नवा खिळा काढून इथे ठेवलात. खरं ना?"

मागच्या टेबलांवरचे सगळे माना उंचावून पाहू लागले.

मोजपट्टीला हसू आलं. साधंसुधं नाही, खांदे हलवणारं. तिने ओठ चावले, नाक दाबलं, खिडकीबाहेर पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे? खोटा नमुना ठेवणं म्हणजे दोघींना शून्य. आणि प्रकरण पुढे जाईल."

"मॅडम, ती घाबरली की हसते," वादळ घाईघाईने म्हणाली. "खरंच. मागे जिन्यावरून पडली तेव्हा अर्धा तास हसत होती. हाड मोडलं होतं."

"मॅडम," मोजपट्टी श्वास आवरत म्हणाली, "वजन करू द्या. आम्ही अजून शेवटचं वजन केलेलं नाही. आणि डोक्याखाली बघा. कानशीने खाचा केल्यात. साध्याला एक, जस्ताच्याला दोन. सुरुवातीलाच केल्या, मग वजन घेतलं."

"खाच आज सकाळीही पाडता येते."

"खाच येते. वजन जुळवता येत नाही."

मॅडमनी तिच्याकडे चष्म्यावरून नाही, चष्म्यातून पाहिलं. मग मान हलवून वजनकाट्याकडे बोट दाखवलं. अख्खा वर्ग मागोमाग निघाला. काट्याच्या काचपेटीभोवती एवढी गर्दी झाली की त्यांच्या श्वासानेच आकडे नाचायला लागले आणि मॅडमना सगळ्यांना दोन पावलं मागे ढकलावं लागलं.

साधा खिळा आत. पेटीचं दार बंद. शेवटचे आकडे वरखाली झाले आणि थांबले.

वही उघडून मोजपट्टीने दाखवलं. दहा दिवसांपूर्वी: तीन पॉइंट नऊ एक सहा दोन ग्रॅम. आज: तीन पॉइंट नऊ एक पाच एक. फरक एक मिलीग्रॅमच्या आसपास.

मॅडमनी नव्या खिळ्यांच्या डब्यातून पाच खिळे काढून एकेक करून काट्यावर ठेवले. तीन पॉइंट आठ नऊ. तीन पॉइंट नऊ चार. तीन पॉइंट आठ सात. एकही दुसऱ्यासारखा नव्हता, आणि वहीतल्या आकड्याजवळ तर कुणीच फिरकलं नाही.

"खिळा तोच आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग गंजला का नाही?"

मोजपट्टीला ते खरंच माहीत नव्हतं. सवयीने तिने पुढचा, जस्ताचा खिळा काट्यावर ठेवला. आकडा वाचला. पुन्हा वाचला. काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदा वजन केलं. मग बाकीच्या गटांचे फळ्यावर लिहिलेले आकडे पाहिले. इतरांचे जस्ताचे खिळे पाच-सहा मिलीग्रॅम झिजले होते. यांचा झिजला होता बावीस. आणि इतरांच्या साध्या खिळ्यांची झीज होती अठरा, वीस, एकोणीस.

एकाचं न झिजणं आणि दुसऱ्याचं जास्त झिजणं. तिच्या डोक्यात तो रबरबँड आला. तीन खिळे, अंगाला अंग लावून. रंगवलेल्या खिळ्याच्या अंगावर रंगाचा अंगरखा होता, त्याच्या धातूला शेजाऱ्याचा धातू लागलाच नव्हता. साध्याच्या लागला होता. त्याच्या वाटचं सगळं शेजारच्या जस्ताने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ती पांढरी भुकटी जस्ताची होती!

ती आनंदाने जागच्या जागी उडीच मारणार होती. तेवढ्यात पुढचं दिसलं. हे सांगायचं तर खिळे एकत्र होते हे सांगावं लागणार. एकत्र का होते, हे मॅडम विचारणार. घड्याळात पावणेपाच झाले होते, आणि खिडकीत मावशी हात पुसत उभ्या होत्या. त्यांना प्रयोगशाळेतला प्रत्येक शब्द ऐकू जायचा.

"तुला कळलंय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. बोल."

मोजपट्टीने तोंड उघडलं. बाहेर आलं ते फक्त हसू. तिने वादळकडे पाहिलं. वादळला जस्त, झीज, मिलीग्रॅम यातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण मोजपट्टीचं हसू कशाचं आहे हे तिला वर्गात सगळ्यांत आधी कळायचं. तिने हात वर केला. शेजारची पाण्याची वॉशबॉटल खाली पडली.

"सॉरी. मॅडम, तिन्ही खिळे एकाच बरणीत होते. रबरबँड लावून. कारण बाकीच्या दोन बरण्या मी फोडल्या. पहिल्याच दिवशी. हिचं काही नाही."

"माझं आहे," मोजपट्टी म्हणाली. हसू एकदम थांबलं होतं. "मी वहीत लिहिलं नाही. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही."

मॅडमनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. टॉवर सवयीने बसायला स्टूल शोधत होता.

"एकमेकांना चिकटून होते?" मॅडमनी विचारलं. "साधा आणि जस्ताचा?"

"हो."

"दहाही दिवस?"

"रबरबँड घट्ट होता, मॅडम. दोन वेढे."

"अरे!" मॅडम म्हणाल्या. आवाज बारीक राहिला नव्हता. "अरे, मी हे तुम्हाला पुढच्या महिन्यात शिकवणार होते! फळ्यावर! चित्र काढून!" त्या तरातरा कपाटाकडे गेल्या आणि मल्टिमीटर घेऊन आल्या. "कुणीतरी मिठाचं पाणी आणा. एक साधा खिळा, एक जस्ताचा. एकमेकांना लावू नका. वायरी द्या इकडे."

पुढची दहा मिनिटं प्रयोगशाळेत नुसता गलका होता. मीटरच्या एका टोकाला जस्ताचा खिळा, दुसऱ्याला साधा, दोन्ही पाण्यात. आकडा आला शून्य पॉइंट चार व्होल्टच्या आसपास. "बॅटरी झाली!" टॉवर ओरडला. "बॅटरीच आहे," मॅडम म्हणाल्या. "जस्त इलेक्ट्रॉन सोडतंय. दोन्ही खिळे एकमेकांना लागले की ते पोलादात जातात, आणि पोलादाला विरघळावं लागत नाही. मुलाम्याला ओरखडा पडला तरी जस्ताखालचं पोलाद वाचतं ते यामुळे. रंगाला हे जमत नाही. रंग फक्त झाकतो." मग एकेकाला साधा खिळा पाण्यातून काढून तांब्याची तार बुडवायची होती, पेन्सिलीचं शिसं बुडवायचं होतं, चावी बुडवायची होती. चार नंबरच्या पोरांनी पट्ट्याचं बक्कल बुडवलं आणि एकाला पँट धरून उभं राहावं लागलं. मोजपट्टी आकडे लिहून घेत होती आणि या वेळी खरोखरच्या आनंदाने हसत होती. दोन हसण्यांमधला फरक कुणालाही सांगता आला नसता. वादळला सोडून.

पाच वाजले. बरण्या जमा करायची रांग लागली.

सात नंबर सगळ्यात शेवटी. मोजपट्टीने ती एकुलती बरणी खिडकीच्या फळीवर ठेवली. वादळ तिच्या पाठीमागे, हात खिशात, काही पडू नये म्हणून.

"एक," मावशी म्हणाल्या.

"मावशी, दोन फुटल्या. ऐकलंच असेल तुम्ही."

"आत्ता कशाला ऐकायला पाहिजे? त्याच दिवशी कळलं मला." मावशींनी चष्मा कपाळावर ढकलला. "फुटक्या काचेचा डबा कोण रिकामा करतं? मीच ना? तिथे कागदात नीट बांधलेली पुडी, वर चिठ्ठी: 'सावधान, धारदार. बरण्या दोन, तुकडे एकतीस.' या कॉलेजात तुकडे मोजणारं दुसरं कोण आहे गं?"

वादळने वळून मोजपट्टीकडे पाहिलं. "तू चिठ्ठी लावलीस?"

"कुणाचा हात कापला असता," मोजपट्टी म्हणाली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, मावशी?" वादळने विचारलं.

"बरणी परत द्यायच्या दिवशी चिठ्ठी फाडते मी. त्याआधी नाही. माणसाला येऊन सांगायला वेळ द्यावा." त्यांनी खाली वाकून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, वादळचं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि फाडून तिच्या हातात दिली. तिसरी. "नियम म्हणजे नियम. या सत्रात तुला माझ्याकडून काच मिळणार नाही."

वादळ चिठ्ठीकडे बघत राहिली. आश्चर्य म्हणजे मोजपट्टीला हसूसुद्धा येईना.

मागून मॅडम आल्या. "मावशी, पुढच्या आठवड्यात सगळे गट हाच प्रयोग पुन्हा करणार आहेत. खिळे चिकटवून, सुटे ठेवून, दोन्ही प्रकारे. मला ही मुलगी हवी आहे. या दोघींमुळेच कळलंय."

"न्या की. मी कुठे नको म्हणते? काच देणार नाही म्हणाले मी." मावशी आत गेल्या. काहीतरी सरकवल्याचा, हलवल्याचा, पुटपुटल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या सहा बरण्या होत्या, पातळ, अर्धपारदर्शक, लाल झाकणांच्या. "खाऱ्या पाण्याला आणि खिळ्याला काचच लागते असं कुठे लिहिलंय, मॅडम?"

"कुठेच नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट प्लॅस्टिक बरं."

"ब्युरेट वगैरे लागलं तर ही जोडीदारीण धरेल आणि तू लांबून आकडा वाचशील. लांबून म्हणजे..."

"एक मीटर," मोजपट्टी म्हणाली.

"दोन," मावशी म्हणाल्या.

वादळने डोळे पुसले, खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि सहाच्या सहा बरण्या कवेत घेतल्या.

"एका खेपेत नेते!"

"नको—" तिघी एकदम ओरडल्या.

ती वळली, दाराच्या कडीत तिची बाही अडकली, आणि सहाही बरण्या फरशीवर पडल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. टप, टप, टपटप, टप. एक टॉवरच्या बुटाला लागून परत आली. एक जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून गेली. खळ्ळ असा आवाज कुठूनच आला नाही.

मावशींनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. वादळ दोन्ही हात पसरून उभी होती आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता.

"मावशी," ती म्हणाली, "पुन्हा टाकून बघू?"